परतीची तारीख आणि पगाराचे दोन हिस्से

परदेशातील नोकरी संपवून भारतात परतलेल्या व्यक्तीच्या पगारापैकी कोणता भाग येथे करपात्र ठरतो, याचे उत्तर दोन वेगळ्या प्रश्नांवर अवलंबून असते: त्या आर्थिक वर्षात ती व्यक्ती प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने निवासी होती की अनिवासी, आणि तो पगार ज्या कामाचा आहे ते काम कोणत्या देशात बसून केले गेले. परतणाऱ्यांचे लक्ष बहुधा पहिल्या प्रश्नावरच खिळते आणि दुसरा नजरेआड होतो. अकरा वर्षे श्टुटगार्ट येथे नोकरी करून 10 डिसेंबर 2024 रोजी कायमचे पुण्यात आलेल्या एका अभियंत्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

निवासी ठरण्याच्या मुख्य कसोट्या दोन आहेत. 1 एप्रिल ते 31 मार्च या आर्थिक वर्षात 182 किंवा अधिक दिवस भारतात वास्तव्य झाले, तर व्यक्ती निवासी ठरते. तेवढे झाले नसले तरी त्या वर्षी किमान 60 दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून किमान 365 दिवस भारतात गेले असतील, तरीही ती निवासीच ठरते. या 60 दिवसांच्या अटीत भारतीय नागरिकांना जी सवलत आहे, ती परदेशात राहणारा माणूस भेटीसाठी येतो तेव्हाची आहे. कायमचे परतणाऱ्याने तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते.

अभियंत्याच्या पासपोर्टवरील शिक्क्यांवरून आधी हिशेब मांडला गेला. परतल्यापासून 31 मार्च 2025 पर्यंत 112 दिवस होत होते, आणि त्याच वर्षी गणपतीच्या सुटीत झालेले 20 दिवस मिळवून बेरीज 132 वर गेली. 60 चा आकडा ओलांडला गेला होता, पण मागील चार वर्षांतील सर्व सुट्या मिळून 188 दिवसच भरत असल्याने दुसरी अट पुरी झाली नाही आणि 2024-25 साठी अभियंता अनिवासी राहिला. आईवडिलांच्या आजारपणामुळे दरवर्षी तीन-तीन महिने येथे राहणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र याच ठिकाणी उलटू शकला असता.

अनिवासी ठरल्यामुळे एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत जर्मनीत केलेल्या कामाच्या आणि तेथील खात्यात जमा झालेल्या पगारावर भारतात कर लागला नाही. तो पैसा पुढे पुण्यातील खात्यात पाठवला तरी त्यात फरक पडत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने उत्पन्नाची प्राप्ती पहिल्यांदा जर्मनीतच झालेली असते. खरी गुंतागुंत जानेवारी आणि फेब्रुवारीच्या पगाराची होती. कंपनीच्या विनंतीवरून त्या दोन महिन्यांत अभियंत्याने पुण्यातील घरातून काम केले, पगार युरोमध्ये जर्मन खात्यात आला, आणि म्हणून तो परदेशीच आहे, अशी घरातील सर्वांची समजूत होती. परंतु भारतात दिलेल्या सेवेचा पगार भारतातच अर्जित झाला, असे कायदा मानतो. मालक कुठला, चलन कोणते आणि खाते कुठे, याला महत्त्व नाही. त्यामुळे त्या वर्षी अनिवासी असूनही अभियंत्याला हा दोन महिन्यांचा पगार भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागला. दुहेरी कर टाळण्यासाठी भारत आणि जर्मनी यांच्यात जो करार आहे, त्यात अल्पकाळ दुसऱ्या देशात काम करणाऱ्याला सूट आहे. पण ती मागण्यासाठी जर्मनीतील करनिवासाचा दाखला लागतो, आणि तेथील घर सोडून आणि नोंदणीतील नाव कमी करून आलेल्याला परतल्यानंतरच्या महिन्यांसाठी तो मिळवणे अवघडच.

पुढील वर्षी, म्हणजे 2025-26 मध्ये, अभियंता पूर्ण वर्ष भारतात असल्याने निवासी ठरला. मात्र मागील दहा वर्षांपैकी किमान नऊ वर्षे अनिवासी असलेल्याला कायदा एक मधला दर्जा देतो, ज्याला ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ असे लांबलचक नाव आहे. मागील सात वर्षांत मिळून 729 किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेल्यालाही तो मिळतो. या दर्जात परदेशात अर्जित आणि परदेशातच मिळालेल्या पगारावर येथे कर नसतो. म्हणूनच 2024 मध्ये जर्मनीत केलेल्या कामाचा बोनस जून 2025 मध्ये तेथील खात्यात आला, तेव्हा तो करमुक्त राहिला. कंपनीने तोच बोनस थेट पुण्यातील खात्यात भरला असता, तर भारतात प्राप्त झालेले उत्पन्न म्हणून तो करपात्र ठरला असता.

नऊ वर्षांच्या या कसोटीवर अभियंता 2026-27 मध्येही टिकतो. 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असला, तरी दिवस मोजण्याच्या या कसोट्या त्यात कायम आहेत. 2027-28 मध्ये मात्र मागील दहापैकी आठच वर्षे अनिवासी उरतात, सात वर्षांतील दिवसही 729 च्या पुढे जातात, आणि तेव्हापासून जगात कोठेही मिळालेले उत्पन्न येथे करपात्र होऊन जर्मन खात्यांचा तपशीलही विवरणपत्रात भरावा लागेल.