उद्गारचिन्ह पुसल्यावर

ओळीच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं देणारा माणूस उथळ असतो, असं मला वाटत नाही. त्याला एक रास्त भीती असते. नुसता पूर्णविराम दिला तर आपण रागावलोय की काय, असं समोरच्याला वाटेल. कॅरॉल वॅसलेस्की यांनी २००६ साली ऑनलाइन चर्चांमधल्या उद्गारचिन्हांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही चिन्हं उत्तेजना दाखवायला क्वचितच वापरली जातात, स्नेह दाखवायला मात्र पुष्कळदा, असं त्यात दिसलं. म्हणजे चिन्ह तिथे काहीतरी काम करत असतं. ते नुसतं पुसलं की काम तसंच पडून राहतं आणि मेल कोरडी होते. चिन्ह काढायचं असेल, तर त्याचं काम वाक्याला करायला लावलं पाहिजे.

मी पुण्यातल्या एका प्रकाशनगृहात पुस्तकांच्या निर्मितीचं काम पाहते. लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, छापखाना या सगळ्यांशी बोलणं मुख्यतः मेलवर होतं. आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्या एका सहकारी मुलीनं मुखपृष्ठकार बाईंना पाठवायची मेल आधी मला दाखवली होती. मजकूर असा होता:

‘हाय ताई!! कव्हर मस्तच झालंय!!! 😍 फक्त एक छोटासा बदल हवा होता 🙈 पानं वाढलीत ना, तर स्पाइन जरा बघाल का? ईओडीपर्यंत मिळालं तर बेस्ट! थँक्यू सो मच!! 🙏’

या मेलमध्ये आपुलकी भरपूर आहे, पण ताईंना काम करायला पुरेल असं काही नाही. पुस्तक १९२ पानांचं ठरलं होतं. एक प्रकरण वाढलं आणि ते २०८ पानांचं झालं, म्हणजे सोळा पानांचा आणखी एक फर्मा. फर्मा वाढला की पुस्तकाची जाडी वाढते, स्पाइन रुंद होते, आणि मग पुढचं-मागचं सगळं चित्र सरकवून बसवावं लागतं. याला छोटासा बदल म्हणणं खरं नव्हे. ‘फक्त’, ‘छोटासा’ आणि डोळे झाकलेलं माकड या तिघांनी मिळून ताईंचं अर्ध्या दिवसाचं काम झाकून टाकलं होतं. असं झालं की दोनपैकी एक होतं. एक तर वाचणारा ते खरोखरच किरकोळ समजून मागे ठेवतो, नाहीतर आपल्या कष्टांची यांना किंमत नाही असं मनात धरतो.

आम्ही दोघी मिळून एकेका चिन्हाला विचारत गेलो: तू इथे का आहेस? ‘मस्तच’पुढची तीन चिन्हं कौतुकासाठी होती. मग मी तिला विचारलं, तुला नेमकं काय आवडलं? ती लगेच म्हणाली, खिडकीतला उजेड शीर्षकापर्यंत आलाय ते. हेच लिहायचं होतं. माकड संकोचासाठी होतं, कारण वाढीव काम सांगायचं होतं. संकोचाच्या जागी कारण आलं. हात जोडलेलं चित्र विनंतीसाठी होतं, त्या जागी आपण स्वतः काय करणार आहोत ते आलं. शेवटी गेलेली मेल अशी:

‘नमस्कार ताई,
मुखपृष्ठ पाहिलं. खिडकीतला उजेड तुम्ही शीर्षकापर्यंत आणलात, त्यामुळे पुस्तकाचा सूर पाहताक्षणी कळतो. लेखकालाही तेच आवडलं.
एक काम मात्र वाढलं आहे. प्रकरण वाढल्यामुळे पानं १९२ची २०८ झाली, त्यामुळे स्पाइन रुंद करावी लागेल. नवं माप छापखान्याकडून घेऊन मी आज दुपारपर्यंत कळवते. सुधारित फाइल गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत देता येईल का? शुक्रवारी सकाळी ती छपाईला जायची आहे. वेळ कमी पडत असेल तर आजच सांगा, छापखान्याशी मी बोलून घेते.’

एकही उद्गारचिन्ह नाही, तरी ही मेल पहिलीपेक्षा जास्त जवळची वाटते. ‘मस्तच’ हे कुठल्याही मुखपृष्ठाला म्हणता येतं. खिडकीतल्या उजेडाचं वाक्य ज्यानं चित्र नीट पाहिलंय त्यालाच लिहिता येतं, आणि ते समोरच्याला कळतं. ‘वेळ कमी पडत असेल तर’ या वाक्यात जी काळजी आहे, ती कुठल्याच चित्रात मावत नाही.

‘ईओडी’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रश्न अर्थाचा होता. दिवस कुणाचा संपायचा? ताई रात्री अकराला काम संपवतात, छापखाना संध्याकाळी बंद होतो. ‘एएसएपी’चंही तसंच, लिहिणाऱ्याला ते ‘आज’ असतं आणि वाचणाऱ्याला ‘सवडीनं’. संक्षेप उलगडताना सहसा वार आणि वेळ लिहावी लागते, आणि ती लिहिताना आपल्यालाच कळतं की आपण काही ठरवलेलंच नाही.

इमोजींबद्दल मी एक खूण लक्षात ठेवते. स्कॉट फाहलमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठात :-) ही खूण सुचवली. तिथल्या संगणकीय फलकावर थट्टेतलं वाक्य लोक खरं मानत होते, म्हणून हा विनोद आहे हे सांगायला ती होती. तिचं मूळ काम गैरसमज टाळणं हे होतं. म्हणून एखादं वाक्य लिहून झाल्यावर हात आपोआप हसऱ्या चेहऱ्याकडे गेला, तर मी थांबते. या वाक्यात काहीतरी टोचतंय, हे हाताला आधी कळलेलं असतं. अशा वेळी चेहरा न लावता वाक्यच बदलावं. शिवाय चित्र पोचेल तसंच दिसेल याची खात्री नसते. आउटलुक बरीच वर्षं :) या खुणेचा विंगडिंग्ज फॉन्टमधला चेहरा करत असे. ज्याच्याकडे तो फॉन्ट दिसत नसे त्याला तिथे नुसतं J हे अक्षर दिसे आणि तो बुचकळ्यात पडे.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक सोय आहे. ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवता येईल का’ या पायऱ्यांमध्येच मार्दव आहे. मात्र एका वाक्यात एकच पायरी घ्यावी. ‘जरा प्लीज शक्य झालं तर पाठवता येईल का हो’ असं लिहिलं की विनंती अजीजीकडे झुकते आणि काम खरंच हवंय की नाही हेच कळत नाही. उलट प्रत्येक ओळीत ‘कृपया’ आलं की मेल सरकारी सूचनेसारखी वाटते.

एक सावधगिरी हवी. ज्या माणसाला आपण रोज चिन्हांची उधळण करून लिहितो, त्याला एके दिवशी अचानक कोरे पूर्णविराम पाठवू नयेत. त्याला वाटेल, काहीतरी बिनसलंय. आधी नेमकं वाक्य वाढवावं आणि मगच चिन्ह कमी करावं. काही मेलींत अभिवादनापुढचं एखादं चिन्ह राहू द्यावं, ते पुढे आपोआप गळतं. समोरच्यानं चेहरे पाठवले म्हणून त्याला धडा देऊ नये. त्यामागचा आनंद ओळखून शब्दांत उत्तर द्यावं. आणि कुणाला पुरस्कार मिळाला, तर ‘अभिनंदन!’ असंच लिहावं. ते चिन्ह तिथलंच आहे.

पुढची मेल पाठवण्याआधी एवढं करून पाहा. सगळी चिन्हं आणि चेहरे पुसून ती एकदा वाचा. जिथे वाक्य कोरडं पडलेलं दिसेल, तिथे त्या माणसाच्या कामाबद्दल तुम्हाला खरंच माहीत असलेली एक गोष्ट लिहा. तशी एकही गोष्ट सापडली नाही, तर आधी त्याचं काम नीट पाहा आणि मग लिहायला बसा.