एन्क्वायरी कुणाच्या हाती

रहाटणी-भोसरी-चाकण पट्ट्यात औद्योगिक यंत्रं विकणाऱ्यांसाठी सीआरएम बसवणं हे माझं काम. एन्क्वायरी आली की ती कुणाकडे जावी आणि त्याने किती वेळात फोन करावा, हे नियम मी लिहितो. घाईचं कारण साधं आहे. इंडियामार्टसारख्या ठिकाणी खरेदीदाराची एकच मागणी अनेक विक्रेत्यांपर्यंत पोहोचते. २०११ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त जेम्स ओल्डरॉइड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या अभ्यासानुसार, तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता त्यानंतर तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती. पण हा वेळ कमी करायचा तर आधी योग्य माणूस सापडावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

एअर कॉम्प्रेसरच्या एका विक्रेत्याचं उदाहरण घेऊ. त्यांचे नियम पिनकोडवर चालत. ४११०१७ आला की एन्क्वायरी पिंपरी-रहाटणी बघणाऱ्या सेल्स इंजिनीअरकडे, ४१०५०१ आला की चाकणवाल्याकडे. कागदावर यात काही खोट दिसत नव्हती. मात्र खरेदी विभागातला माणूस राहतो रहाटणीत आणि कामाला जातो चाकणला. रात्री जेवण झाल्यावर तो मोबाइलवरून फॉर्म भरतो आणि पिनकोड घरचा टाकतो. एन्क्वायरी पोहोचते शहरात छोटे कॉम्प्रेसर विकणाऱ्याकडे. तो सकाळी फोन करतो, मोठ्या स्क्रू कॉम्प्रेसरचं नाव ऐकतो आणि सहकाऱ्याकडे पाठवतो. सीआरएममध्ये पहिला फोन वेळेत झाल्याची नोंद असते, पण ग्राहकाला कामाचं उत्तर मिळतं दुपारी. हा दोष ओळखण्याची खूण एकच: एन्क्वायरीचा मालक पहिल्या फोननंतर किती वेळा बदलतो, ते मोजा. ज्या भागात हे बदल जास्त, तिथला नियम चुकीच्या गोष्टीवर उभा आहे.

म्हणून फॉर्ममध्ये ‘यंत्र कुठे बसवायचं आहे?’ हा प्रश्न घातला आणि नियमांचा क्रम बदलला. ग्राहक जुना असेल तर आधीपासून त्याचं खातं बघणाऱ्याकडे. नवा असेल तर आधी यंत्राचा प्रकार, मग कारखान्याची जागा. यातलं काहीच कळत नसेल तर एन्क्वायरी ऑफिसमधल्या एका ठरलेल्या व्यक्तीकडे. सीआरएम हे नियम वरून खाली वाचतं आणि पहिला जुळला की थांबतं, त्यामुळे जुन्या ग्राहकाचा नियम खाली घसरला तर त्याच कारखान्यात आपलीच दोन माणसं दोन भाव घेऊन पोहोचतात. शेवटचा नियमही सोडून चालत नाही. तो नसेल तर न जुळलेल्या एन्क्वायऱ्या कुणाच्याच यादीत दिसत नाहीत.

माणूस बरोबर सापडला तरी तो फोन करण्याच्या स्थितीत असतोच असं नाही. अनेक कारखान्यांत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. तासभर यंत्राची पाहणी करणाऱ्याला पाच मिनिटांत फोन करण्याचा नियम लावणं अन्याय आहे. त्यामुळे गेटवर फोन देण्याआधी त्याने ॲपमध्ये ‘व्यग्र’ करायचं, आणि तोवर एन्क्वायरी त्याच्या ठरलेल्या जोडीदाराकडे. तसंच सुट्टीचं. सॉफ्टवेअर शनिवार-रविवार सुट्टी धरून येतं, पण आपल्या पट्ट्यात पुष्कळ कारखाने गुरुवारी बंद आणि रविवारी चालू असतात. कामाच्या वेळेची दिनदर्शिका बदलली नाही तर रविवारी सकाळी आलेल्या तातडीच्या एन्क्वायरीचं घड्याळ सोमवारपर्यंत सुरूच होत नाही. अहवालात मात्र ती वेळेत हाताळलेली दिसते.

घड्याळ कशाने थांबावं, यावर मी सगळ्यात जास्त आग्रही असतो. आपोआप गेलेला ‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ हा व्हॉट्सॲप मेसेज उत्तर नव्हे. ‘संपर्क झाला’ असा बदललेला शेराही नव्हे, कारण एका बोटाने तो कुणीही बदलू शकतं. घड्याळ कॉलच्या नोंदीवर थांबावं. पाच मिनिटांत कॉल नाही, तर एन्क्वायरी जोडीदाराकडे. आणखी दहा मिनिटांत नाही, तर सेल्स मॅनेजरच्या फोनवर. मग आठवड्याला त्या कॉलचा कालावधी पाहायचा. दहा सेकंदांचे कॉल एकाच माणसाच्या नावावर वाढत असतील, तर घड्याळ थांबवण्यासाठीच ते लावले जात आहेत. अशा वेळी त्याला दटावण्याआधी त्याच्याकडे एन्क्वायऱ्या किती जातात ते बघावं. बहुतेकदा नियमानेच एकावर दोघांचं ओझं टाकलेलं असतं, आणि तिथे मिनिटं कमी करण्याऐवजी यादी वाटून द्यावी लागते.