वाळूजच्या दौऱ्याचा हिशेब

शुक्रवार, रात्री.

चाकणहून वाळूजला व्हेंडरकडे स्वतःच्या गाडीने जाऊन आलो, त्याचा क्लेम आज भरला. आमच्या पॉलिसीत किलोमीटरला १० रुपये मिळतात आणि पेट्रोल त्यातच धरलेलं असतं, म्हणून पेट्रोलची पावती जोडलीच नाही. जोडली, तर एकच खर्च दोनदा मागितला म्हणून अकाउंट्सवाले फाइल परत पाठवतात. टोल मात्र वेगळा मिळतो. त्याला पुरावा फास्टॅगचं स्टेटमेंट.

हॉटेलचं बिल कंपनीच्या नावाने, जीएसटी नंबर घालून घेतलं. हॉटेल ज्या राज्यात, तिथलाच कर लागतो. वाळूज महाराष्ट्रातच, त्यामुळे इथल्या नोंदणीवर कंपनीला त्याचं क्रेडिट घेता येतं. हेच बिल होसूरचं असतं, तर तमिळनाडूत नोंदणी नसल्याने तो कर बुडीत खात्यात.

मग तक्ता. ४३० किलोमीटरचे ४,३००, टोल २४०, हॉटेल २,१००, जेवणाचा भत्ता १,०००, एकूण ७,६४०. प्रत्येक ओळीपुढे पॉलिसीचं कलम आणि जोडलेल्या कागदाचा क्रमांक. आगाऊ उचललेले ५,००० वजा जाता येणे २,६४०. सोमवारी साहेबांची सही झाली की फाइल अकाउंट्सकडे.