अठ्ठावीस चौकोन

निवृत्तीनंतर घरातली एखादी जबाबदारी पूर्णपणे माझी असावी असं ठरलं, तेव्हा मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "रोज काय करायचं ते मी ठरवत जाईन." करणारे आम्ही तसे बरेच आहोत. सकाळी पोळ्यांना मावशी येतात, भाजी-आमटी बायको आणि मी मिळून करतो, आई स्टुलावर बसून देखरेख करते. माझ्या वाट्याला फक्त ठरवणं आलं आणि त्यात भांडी घासावी लागत नाहीत, म्हणून मला ते फार सोपं वाटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मावशींनी विचारलं, "दादा, भाजी काय? आणि पोळ्या किती लाटू?" भाजीचं उत्तर मी फ्रीज उघडून दिलं. पोळ्यांचं आईनं दिलं.

कल्पनांची माझ्याकडे टंचाई नव्हती. वीजबिलाच्या मागे 'दुधीचे कोफ्ते?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं होतं, मोबाइलवर मी स्वतःलाच पाठवलेले निरोप होते, 'कालनिर्णय'च्या मागच्या पानांवरच्या पाककृतींना खुणा केल्या होत्या आणि आईच्या जुन्या 'रुचिरा'त जागोजागी बसची तिकिटं खोचलेली होती. हे सगळं मी संगणकावर स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे रकान्यांच्या वहीत, उतरवलं. आता याला शिस्त लावायची म्हणून सॉर्टचं बटण दाबलं. यादी सुंदर अकारविल्हे लागली: अळूवडी, आप्पे, उसळ, कटाची आमटी. बायकोनं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे सोमवारी आपण अ खायचा?"

मग तक्ता आखला. 'कालनिर्णय'मध्ये वार डावीकडे एकाखाली एक असतात, तसेच मीही घेतले. आडवे रकाने चार: न्याहारी, डबा, संध्याकाळचं, रात्रीचं. सात चोक अठ्ठावीस. या अठ्ठावीस चौकोनांत मी अठ्ठावीस वेगवेगळे पदार्थ भरले, एकही परत नाही, आणि छापून फ्रीजला चिकटवलं. आई चष्मा लावून बराच वेळ वाचत होती. मला वाटलं, कौतुक करणार. ती म्हणाली, "खानावळ काढतोयस का रे?"

तिचा मुद्दा मला सोमवारी रात्री कळला. त्या चौकोनात 'मटकीची उसळ' होतं आणि मटकी डब्यात कोरडी ठणठणीत होती. मोड आलेली मटकी हवी तर ती आधी सात-आठ तास भिजायला लागते, मग पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायची, आणि चांगले मोड यायला आणखी साधारण एक दिवस. थंडीत त्याहूनही जास्त. म्हणजे मंगळवारी रात्री उसळ खायची तर मटकी रविवारी रात्री पाण्यात पडली पाहिजे आणि सोमवारी सकाळी फडक्यात गेली पाहिजे. माझ्या तक्त्यात ही उसळ एका चौकोनात होती, प्रत्यक्षात ती तीन वारांवर पसरलेली होती. त्या सोमवारी आम्ही पिठलं-भात खाल्ला. पिठलं माझ्या अठ्ठावीस पदार्थांत नव्हतंच.

मी पाचवा रकाना वाढवला: 'आदल्या दिवशी'. आणि अकारविल्हे यादी मोडून पदार्थांचे तीन गट केले. आयत्या वेळी होणारे, म्हणजे पोहे, उपमा, पिठलं, थालीपीठ. आदल्या रात्रीची आठवण लागणारे, म्हणजे छोले, राजमा, साबुदाण्याची खिचडी. आणि दोन दिवस आधी हालचाल लागणारे, म्हणजे मोडाची कडधान्यं. इडली मी दुसऱ्या गटात टाकली होती, ती आईनं उचलून तिसऱ्याच्या उंबरठ्यावर ठेवली. गुरुवारी सकाळी इडली हवी तर तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या बुधवारी सकाळीच भिजायला हव्यात, संध्याकाळी वाटायचं, आणि रात्रभर पीठ फुगू द्यायचं. बुधवारी सकाळी मी नेमका फिरायला गेलेला असतो. तेव्हा तक्त्यात पदार्थाइतकंच, तांदूळ भिजवायला घरात कोण असेल, हेही लिहावं लागतं असं दिसलं.

उरल्याची नोंद करायचा रकाना मी शेवटी, जागा उरली म्हणून घातला होता. नाव दिलं 'उरलं तर'. पहिल्या आठवड्यात तो कोरा राहिला आणि फ्रीज भरला. झाकणं लावलेल्या वाट्या, कशात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. बायकोनं एक दिवस त्या सगळ्या ओट्यावर मांडल्या आणि शांतपणे म्हणाली, "तू उरलेलं शेवटी बघतोस. आधी बघ." मला हे वाक्य नीट कळायला वेळ लागला. आता असं वाटतं की सगळ्या तक्त्याची किल्ली तिथेच होती.

म्हणजे काय, ते मंगळवारच्या उसळीवर सांगतो. आम्ही चौघं: आई, बायको, मुलगी, मी. एक वाटी कोरडी मटकी मोड येऊन अडीच वाट्यांच्या पुढे जाते. तेवढी एका जेवणाला पुरते आणि काही उरत नाही, किंवा अडचणीचे चार चमचे उरतात. मुद्दाम दोन वाट्या भिजवल्या तर मंगळवारी रात्री उसळ-पोळी होते, आणि निम्मी उसळ बाजूला काढून ठेवता येते. बुधवारी सकाळी तिच्यावर वेगळी केलेली झणझणीत तर्री, फरसाण, कांदा, लिंबू, पाव: मिसळ. त्यातूनही वाटीभर राहिली, तर ती कुस्करून थालिपिठाच्या भाजणीत मळायची. म्हणजे बुधवारच्या न्याहारीचा चौकोन मी रविवारी रात्री मटकी मोजताना भरलेला असतो. मी त्या रकान्याचं नाव बदलून 'मुद्दाम उरवायचं' केलं. आईला ते नाव अशुभ वाटतं.

इडलीच्या पिठाचं तर याहून गमतीदार. त्याला स्वतःचाच क्रम असतो, आपण ठरवायचा नसतो. पीठ नुकतं फुगलेलं असतं त्या सकाळी इडली, कारण तेव्हाच त्यात सगळ्यात जास्त हवा असते. लगेच फ्रीजमध्ये ठेवलं तरी ते हळूहळू आंबत जातं, म्हणून शुक्रवारी डोसे, आणि शनिवारी कांदा-मिरची-कोथिंबीर घालून उत्तप्पे किंवा आप्पे, म्हणजे आंबटपणा खपून जातो. मी हुशारीनं उलटा क्रम लावून पाहिला, आधी डोसे आणि शनिवारी इडली. त्या इडल्या मुलीनं टेबलावर आपटून आवाज ऐकवला.

भाताच्या बाबतीत मात्र विनोद बाजूला ठेवायला लागला. रात्री जास्तीचा भात लावायचा आणि सकाळी फोडणीचा भात, हे माझ्या नव्या रकान्यातलं सगळ्यात आवडतं कलम होतं. भात मी कुकरमध्येच, ओट्यावर, झाकून ठेवत असे. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनं सांगितलं की तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांची वाढ होऊन एक विष तयार होतं. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही, आणि भाताला वास येईलच असंही नाही. म्हणून उरवायचा भात जेवायला बसण्याआधीच काढून ताटात पसरायचा, वाफ गेली की डब्यात घालून फ्रीजमध्ये, शक्यतो तासाभरात. दुसऱ्या दिवशी कडकडीत गरम करायचा, आणि एकदाच. मी हे रकान्यात लिहिलं. इतकी वर्षं 'वास घेऊन बघ' या एकाच कसोटीवर मी घर चालवायला निघालो होतो, हे मुलीला सांगितलं नाही.

भाज्यांचा क्रम मंडईनं लावून दिला. आमची भाजी रविवारी येते. मेथी, पालक, चाकवत सोमवार-मंगळवारच्या पुढे नेऊ नयेत, भेंडी-गवार आठवड्याच्या मध्यात, आणि कोबी, दुधी, लाल भोपळा, बटाटे शुक्रवार-शनिवारची वाट बघत बसायला तयार असतात. मी मेथी गुरुवारी लिहिली होती, कारण सोमवारी कोबी आवडतो. गुरुवारी जुडी सोडली तेव्हा आतली पानं पिवळी, चिकट झाली होती. निम्मी निवडून टाकली, उरलेल्या निम्मीचं पिठात घालून काहीतरी केलं. तो पदार्थ तक्त्यात अजून निनावी आहे.

डब्याचा रकाना आणि दुपारचं जेवण वेगळं नाही, हे मला फार उशिरा सुचलं. बायको आणि मुलगी डबा नेतात, आई आणि मी दुपारी घरी तेच खातो. फक्त डब्यात सांडणारं काही चालत नाही, म्हणून सकाळी सुकी भाजी आणि रस्सा-आमटी रात्री. एवढं कळल्यावर रोजचा एक स्वयंपाक कमी झाला. मी तो कधी केलेलाच नव्हता, पण मनातल्या हिशेबात रोज करत होतो.

मग संकष्टी आली, शुक्रवारी. तक्त्याप्रमाणे शुक्रवार रात्र म्हणजे 'फ्रीजमधलं संपवा'. आई दिवसभर उपास करते आणि चंद्रोदयानंतर जेवते, ते जेवण नैवेद्याचं असतं, आणि नैवेद्याला ताजंच लागतं. म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात साधं जेवण मी तिच्या सगळ्यात पूर्ण जेवणाच्या दिवशी लावलं होतं. वार दर आठवड्याला त्याच जागी येतात, तिथी येत नाहीत. तेव्हापासून तक्ता भरायच्या आधी मी 'कालनिर्णय' उघडतो आणि त्या आठवड्यातल्या एकादश्या-चतुर्थ्या, त्या दिवशीच्या चंद्रोदयाच्या वेळेसकट, पेन्सिलीनं आधी मांडतो. 'फ्रीजमधलं संपवा' आता गुरुवारी असतं आणि तो चौकोन मी कोरा सोडतो. अठ्ठावीस कधीच भरायचे नव्हते. आमचे साधारण बारा-तेरा लिहावे लागतात, बाकीचे त्यांच्यातूनच निघतात.

एवढं होऊनही पोळ्या उरतातच. सकाळी त्यांची फोडणीची पोळी होते, कधी गूळ-तूप घालून लाडू, पण सारख्याच उरायला लागल्यावर मी मावशींना विचारलं की असं का होतं. त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या कागदावर काय करायचं ते आहे. कोण जेवायला आहे ते कुठंय?" म्हणून आता वाराच्या शेजारी, सगळ्यांच्या आधी, एक अरुंद रकाना आहे: माणसं. मंगळवारी तिथे चार लिहिलं होतं. संध्याकाळी सात वाजता मुलीचा निरोप आला, 'मी मैत्रिणीकडे जेवते.' चारचा तीन केला, तिच्या वाटणीची उसळ मिसळीच्या डब्यात घातली, आणि मळलेल्या कणकेच्या उरल्या गोळ्याला तेलाचा हात लावून तो फ्रीजमध्ये ठेवला. बुधवारच्या रात्रीवर काट मारून तिथे 'पराठे' लिहिलं. कशाचे, ते बुधवारी दुपारी आई सांगणार आहे.