फोटोतला दावा अर्ज

बँकेच्या अर्जाचा फोटो मोबाइलवर आला की मी आधी पानाचे चार कोपरे शोधतो. कोपरे दिसले नाहीत तर एक अक्षरही सांगत नाही, फोटो पुन्हा काढायला लावतो. वर नेमकं अर्जाचं शीर्षक कापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरातली तारांकित टीप. मागची बाजू तर कुणी पाठवतच नाही. सोबत काय जोडायचं, ते बहुतेक वेळा तिथेच छापलेलं असतं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत सर्वांत जास्त असतो तो मृत खातेदाराच्या पैशांसाठीचा दावा अर्ज. घरात दुःख ताजं असतं आणि हातात हा कागद येतो. त्यात शीर्षक का महत्त्वाचं? कारण हा एक अर्ज नसतो. खातं जोडनावाने ‘दोघांपैकी एक किंवा हयात व्यक्ती’ असं असेल तर वाट वेगळी, नॉमिनी नोंदवलेला असेल तर वेगळी आणि दोन्ही नसेल तर सगळ्या कायदेशीर वारसांची वेगळी. चुकीच्या वाटेचा अर्ज कितीही सुवाच्य भरला तरी काउंटरवरून परत येतो.

मध्यंतरी गावातल्या एका वहिनींच्या मुलाने, वडील गेल्यावर, पुण्याहून फोटो पाठवला. अर्ज नॉमिनीचा होता. त्याने बचत खातं आणि मुदत ठेव, दोन्हींचे क्रमांक एकाच रकान्यात लिहिले होते. मी म्हटलं, “आधी पासबुकाच्या पहिल्या पानाचा आणि ठेव पावतीचा फोटो पाठव.” पासबुकावर नामनिर्देशन नोंदवल्याचा शिक्का होता, नाव वहिनींचं. ठेव पावतीवरही शिक्का होता, पण नाव नव्हतं. शाखेत विचारायला लावलं, तेव्हा कळलं की ठेव लग्नाआधीची, दरवर्षी नूतनीकरण होत आलेली आणि नॉमिनी म्हणून आजींचं नाव. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे एकाच घरात, एकाच माणसाच्या मागे, दोन खात्यांच्या दोन वाटा.

बचत खात्याचा अर्ज सोपा होता, तरी दोन रकाने तपासावे लागले. ‘दावेदाराचे मृताशी नाते’ इथे मुलाने ‘पती’ लिहिलं होतं. प्रश्न वहिनींबद्दल आहे, त्या मृताच्या कोण, म्हणून उत्तर ‘पत्नी’. दुसरा, मृत्यूचा दिनांक. मृत्यू दाखल्यावर मृत्यूची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची अशा वेगवेगळ्या तारखा असतात, त्याने नोंदणीची उचलली होती. रकमेचा रकाना मी कोरा ठेवायला सांगितला, कारण व्याज धरून नेमका आकडा बँकच काढते. सहीसुद्धा घरी करू दिली नाही. ती अधिकाऱ्यासमोर केलेली बरी, म्हणजे ओळख पटवण्याचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

ठेवीसाठी वारसांचा अर्ज लागला. त्यात ‘सर्व कायदेशीर वारसांची नावे’ या रकान्यात त्याने आई आणि स्वतः, एवढीच दोन नावं घातली होती. लग्न होऊन गेलेली बहीण राहिली होती. ती वारस आहेच, पैसे नको असले तरी तिचं नाव येतं आणि हक्क सोडत असल्याचं तिचं स्वतंत्र पत्र जोडावं लागतं. सोबत मृत्यू दाखला, मूळ ठेव पावती, दावेदारांचे ओळख व पत्त्याचे पुरावे आणि हमीपत्र. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना ही सोपी पद्धत आहे. त्यापुढे, किंवा वारसांत वाद असेल तर, कोर्टाचा कागद लागू शकतो.

मृत्यू दाखल्यावर नाव तोकडं होतं आणि पासबुकावर वडिलांच्या नावासह पूर्ण. अशा वेळी अर्जात खात्यावरचं नाव जसंच्या तसं लिहावं आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल का, हे शाखेला आधीच विचारावं.

एक सांगतो, फोटोची प्रिंट काढून तिच्यावरच अर्ज भरू नका. सावली पडलेल्या, तिरक्या प्रिंटवर रकाने पुसट येतात. फोटो वाचण्यासाठी आणि पेन्सिलीने सराव करण्यासाठी ठेवा, भरायला कोरा अर्ज शाखेतूनच आणा. देताना तारखेची पोच घ्या. सगळी कागदपत्रं पोचल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचं बंधन बँकेवर आहे, आणि ते दिवस मोजायला पोचेवरची तारीखच कामी येते.

आणि घरात जुनी ठेव असेल तर तिच्यावर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे, हे याच आठवड्यात शाखेत जाऊन विचारा. शिक्का आहे एवढ्यावर थांबू नका, नाव विचारा. ती व्यक्ती आता हयात नसेल तर नवं नाव नोंदवण्याचा अर्ज ठेवीदाराला स्वतःच भरता येतो.