नुक्त्याचा ज़ाहिद यादीत कुठे बसतो?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत. तिथल्या एका कारखान्यात हजेरीची यादी संगणकावर मराठीत निघते. पगाराच्या दिवशी मुकादम ‘ज’च्या नावांवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, “ज़ाहिदभाई, तुमचं नावच नाही.” नाव असतं, पण ‘ह’च्याही खाली, शेवटच्या ओळीत.

मराठीत आपण नुक्ता सहसा देत नाही. ‘जग’ आणि ‘जाळं’ यांतला ज वेगळा उच्चारतो, पण लिहितो एकच. उर्दू शिकलेली माणसं मात्र ज़ाहिद, फ़ारूक असं नुक्त्यासह लिहितात. युनिकोडमध्ये हा ज़ दोन प्रकारे साठवला जातो: एक अखंड अक्षर म्हणून (`U+095B`), किंवा ज आणि त्यामागे सुटा नुक्ता (`U+093C`) असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

जावास्क्रिप्टची साधी `sort()` अक्षरांचे फक्त क्रमांक बघते. ह चा क्रमांक `U+0939`, म्हणून अखंड ज़ त्याच्या पुढे जातो. सुटा नुक्ता असेल तर वेगळीच गंमत होते. नुक्त्याचा क्रमांक कान्याच्या आधीचा असल्यामुळे ज़ाहिद जावेदच्या वर चढतो. वर्णक्रमाने तो खाली हवा, कारण व नंतर ह येतो.

```js
const n = ['शकील', '\u095Bाहिद', 'हमीद', 'जावेद'];
n.sort();
// जावेद, शकील, हमीद, ज़ाहिद
n.sort((a, b) => a.localeCompare(b, 'mr'));
// जावेद, ज़ाहिद, शकील, हमीद
```

`localeCompare` आधी मूळ अक्षरं ताडून बघतो. नुक्त्याचा फरक दुय्यम मानतो, बाकी सगळं सारखं असेल तरच तो विचारात घेतो. ज़ कसाही साठवलेला असो, त्याला दोन्ही एकच वाटतात. `===` ला मात्र ते वेगळे वाटतात, म्हणून नाव साठवतानाच `normalize('NFC')` करून घ्यावं. त्याने अखंड ज़ही सुट्या नुक्त्याच्या रूपात येतो.

नाव शोधताना `sensitivity: 'base'` हा पर्याय दिला, तर ‘जाहिद’ आणि ‘ज़ाहिद’ सारखेच ठरतात. मुकादमाने नुक्ता न देता शोधलं तरी माणूस सापडतो. पण शकिल आणि शकील तो एक धरत नाही, कारण ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी हा त्याच्या लेखी मूळचाच फरक आहे.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाच खात्यात एक जाहिद शेख आणि एक ज़ाहिद शेख असू शकतात. यादी लावायला, शोधायला हा पर्याय चांगला. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे त्यावरून ठरवलं, तर एकाचा पगार दुसऱ्याच्या नावावर पडेल. त्यासाठी कामगाराचा नंबरच धरावा.

आपल्या यादीची पारख करायची असेल तर तिची शेवटची पाच नावं बघा. ‘ह’च्या खाली ज़ किंवा फ़ दिसला, की समजावं, यादी वर्णांनी नाही, क्रमांकांनी लागली आहे.