रुबाईचा तिसरा चरण

माधव जूलियन ऊर्फ माधव त्र्यंबक पटवर्धन यांच्या आयुष्यात उमर खय्यामची रुबाई एकदा आली आणि शेवटपर्यंत राहिली. फार्सीचे अध्यापक आणि 1925 च्या फार्सी-मराठी कोशाचे कर्ते असलेल्या या कवीने 1929 साली मूळ फार्सीवरून खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, दोनच वर्षांनी फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपावरून ‘द्राक्षकन्या’ रचली आणि तिसरा अनुवाद ‘मधुलहरी’ 1940 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. एकाच कवीने एकाच कवीकडे तीनदा वळावे, याचे एक कारण खय्यामच्या विचारात असेल. दुसरे, आणि येथे अधिक महत्त्वाचे, त्या चार चरणांच्या घडणीत आहे.

रुबाई म्हणजे चार चरणांची, स्वतःत पूर्ण असलेली कविता. तिचा पहिला, दुसरा आणि चौथा चरण एकाच यमकाने बांधलेला असतो आणि तिसरा बहुधा मोकळा सोडलेला असतो. फार्सी संग्रहांत रुबाया यमकाच्या अंत्याक्षरानुसार लावण्याची रीत असल्यामुळे शेजारच्या दोन रुबायांचा एकमेकींशी अर्थाने संबंध असेलच असे नाही. काळ सरतो तो प्रत्येक रुबाईच्या आत, चारच चरणांत. फिट्झजेराल्डने 1859 च्या पहिल्या आवृत्तीत 75 चतुष्पद्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या क्रमाने गुंफल्या आणि काळाची चाल एका रुबाईतून काढून सबंध मालिकेला दिली. त्यामुळे 1929 चा आणि 1931 चा अनुवाद ही एकाच ग्रंथाची दोन रूपे न ठरता वेगळ्या बांधणीची दोन पुस्तके ठरतात.

रुबाईच्या फार्सी वृत्ताची परंपरेने 24 रूपे मानली जातात. त्यांतील एक सरळ रूप लघु-गुरूंच्या भाषेत गा गा ल ल गा गा ल ल गा गा ल ल गा असे मांडता येते (‘गा’ म्हणजे दोन मात्रांचे गुरू अक्षर, ‘ल’ म्हणजे एका मात्रेचे लघू). त्यात 13 अक्षरे आणि 20 मात्रा भरतात, आणि चार-चार मात्रांचे पाच गट पडत असल्याने मराठी कानाला ते परके वाटत नाही. कालगतीवर याच मापाची एक रुबाई मराठीत रचून पाहिली, तर ती अशी होईल :

खुंटीवर पंचांग जुने ते सरले,
आले दुसरे, नाव तयाचे ठरले;
पानात जुन्या जन्म कुणाचा लिहिला,
त्याचे वयही आज कुणी ना स्मरले.

(‘जुन्या’मधील ‘जु’वर मराठी उच्चारात आघात येत नाही, म्हणून जोडाक्षर पुढे असूनही तो लघूच राहतो, संस्कृतचा नियम येथे डोळे मिटून लावला, तर चरण उगाच चुकीचा ठरेल.) पहिल्या दोन चरणांचे काम केवळ विधानाचे आहे. जुने वर्ष गेले, नवे आले, आणि संवत्सरांची साठ नावे ठरलेल्या क्रमाने फिरत असल्यामुळे नव्याचे नावही आधीच ठरलेले आहे; सरले-ठरले या यमकाने तेच फिरते चक्र कानालाही ऐकू येते. तिसऱ्या चरणात यमक सुटते आणि त्याच ठिकाणी चक्रात न बसणारी गोष्ट, म्हणजे समासात कोणीतरी टिपलेला एक जन्म, आत येते. ‘लिहिला’ला जोडीदार नाही, म्हणून कान अडखळतो आणि चौथ्या चरणाची वाट पाहतो. याच जागी ‘धरले’ किंवा ‘भरले’ अशा शब्दाने यमक जुळवले असते, तर चारही चरण सयमक असलेली रुबाई परंपरेला मान्य झाली असती, पण या आशयाला लागणारी ही अडखळ नाहीशी झाली असती.

रुबाई फसते ती बहुतेक वेळा चौथ्या चरणात. वरील रुबाईत तो चरण ‘वाचून कुणाचे मग डोळे भरले’ असा केला, तरी मात्रा विसाच्या वीस भरतात आणि यमकही चोख राहते. परंतु तिसऱ्या चरणाने जी नोंद उघडली तिच्याविषयी नवे काहीच न सांगता तो वाचकाने काय करावे तेवढे सांगतो. ‘त्याचे वयही’ म्हणणारा चरण नोंदीचाच हिशेब पुढे नेतो : वर्षांची नावे साठ वर्षांनी पुन्हा येतात आणि पंचांगात छापली जातात, पण ज्याच्या जन्माने ती मोजायला सुरुवात झाली त्याची मोजणी मध्येच कोणीतरी सोडून दिलेली असते. ‘विरले’ हा शब्द त्या ठिकाणी अर्थाने अधिक हळुवार बसला असता. पण काटेकोर यमकात ‘र’च्या आधीचा स्वरही जुळावा लागतो, आणि ‘सरले’, ‘ठरले’ यांच्या अकारापुढे ‘विरले’तील इकार जुळत नाही. म्हणून ‘स्मरले’, आणि त्याच्यासोबत येणारा ‘कुणी ना’ हा थोडासा जुन्या वळणाचा नकारही, पत्करावा लागतो.